मराठी शोध: शब्दांची सूची बरी की तीन-तीन अक्षरांची?

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाची सुमारे बारा हजार पुस्तकांची यादी मी SQLite मध्ये घातली आणि शोधासाठी FTS5 लावलं. पहिल्याच दिवशी तिथल्या काकूंनी ‘पुणे’ टाकलं, तर निम्मे निकाल ‘पाणी’वाले. त्या म्हणाल्या, “नळाला येत नाही, इथे मात्र येतंय.”

असं होण्याचं कारण उलट्या सूचीच्या बांधणीत आहे. या सूचीत प्रत्येक टोकनसमोर ते कोणत्या नोंदीत, कितव्या जागी आलं ते लिहिलेलं असतं. टोकन म्हणजे काय, हे टोकनायझर ठरवतो. FTS5 चा मूळचा unicode61 फक्त अक्षरं आणि अंक धरतो. काना, मात्रा, वेलांटी युनिकोडमध्ये ‘अक्षर’ या वर्गात बसत नाहीत, म्हणून तो त्यांना मोकळी जागा समजतो. ‘पुणे’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे होतात, ‘पाणी’चेही तेच. तुमच्याकडे असं झालंय का, ते ओळखायला fts5vocab ने टोकनांची यादी काढून बघा. सुट्या अक्षरांची रांग दिसली की समजायचं.

दुरुस्तीला एकच ओळ पुरते, मात्र सूची पुन्हा बांधावी लागते:

```sql
CREATE VIRTUAL TABLE pustake USING fts5(
  nav, parichay,
  tokenize="unicode61 categories 'L* N* Co Mn Mc'");
```

खरी निवड यानंतर सुरू होते. हाच शब्दांचा टोकनायझर ठेवायचा, की `trigram` घ्यायचा?

ट्रायग्रॅम शब्द ओळखतच नाही. तो मजकुराचे तीन-तीन चिन्हांचे, एकमेकांवर चढलेले तुकडे करतो, आणि काना-मात्राही चिन्हच. त्यामुळे शोध शब्दाच्या पोटातही लागतो. ‘कविता’ टाकलं की ‘बालकविता’ सापडते, ‘नदी’ टाकलं की ‘महानदी’ आणि ‘नदीच्या’ दोन्ही. जोडशब्दांच्या बाबतीत शब्दांची सूची इथे सपशेल हरते. पण ‘घर’ शोधा. दोनच चिन्हं आहेत, तीनचा तुकडा पडत नाही, निकाल शून्य. आणि विभक्तीचा प्रश्न ट्रायग्रॅम सोडवतो हा समजही अर्धाच खरा आहे. ‘पुणे’ हा ‘पुण्यात’चा सलग तुकडा नाही, कारण ‘ण’ नंतर एकीकडे मात्रा आहे आणि दुसरीकडे हलन्त. तो सापडत नाही.

शब्दांच्या सूचीत यावर साधा उपाय आहे: शेवटची मात्रा काढा आणि पुढे तारा लावा. `पुण*` ने पुणे, पुण्यात, पुणेकर सगळे येतात. (पुण्यतिथीही येते, त्याला इलाज नाही.) `पाण*` ने पाणी आणि पाण्यात दोन्ही. ‘पाऊस’ आणि ‘पावसात’ मात्र दोन्ही पद्धतींना चकवतात. असे शब्द हातानेच `पाऊस* OR पावस*` असे जोडावे लागतात.

माझं मत ठरलं ते क्रमवारीवरून. FTS5 निकाल BM25 ने लावतो, आणि त्यात शब्दाचं वजन तो किती कमी नोंदींत आहे यावर ठरतं:

```
ln((N - n + 0.5) / (n + 0.5))
```

‘कला’ घ्या. समजा, बारा हजारांपैकी 60 नोंदींत हा शब्द आहे. वजन सुमारे 5.3. ट्रायग्रॅमला मात्र परिचयातले ‘शिकला’, ‘थकला’, ‘विकला’ही ‘कला’च वाटतात. अशा 1500 नोंदी झाल्या तर वजन 1.9 वर येतं. म्हणजे नुसते भलते निकाल येतात असं नाही. ‘कला इतिहास’ असा शोध घेतला, तर क्रम बराचसा ‘इतिहास’वर लागतो आणि कलेची पुस्तकं खाली जाऊ शकतात.

शब्दांच्या बाजूलाही खोट आहे. `कला*` मध्ये ‘कलेचा’ येत नाही, आणि `कल*` केलं की कलम, कलह, कल्पना सगळं घुसतं. `कला* OR कले*` चालतं, पण दोघांची वजनं वेगळी मोजली जातात. ‘कले’वाल्या नोंदी कमी असतील, तर त्या उगाच वर येतात. क्रम उलटा वाटला तर घाबरू नका, rank ऋण असतो: जितका जास्त ऋण, तितकी जुळणी चांगली.

कोणताही टोकनायझर घेतलात, तरी आधी ‘र्‍या’ सगळीकडे एकाच पद्धतीचा करून घ्या. जुन्या टंकनात ‘दुसर्‍या’मध्ये अदृश्य जोडचिन्ह असतं, तर नव्यात ‘दुसऱ्या’ हे वेगळ्याच चिन्हाने लिहितात. शब्दांच्या सूचीत पहिला मधोमध तुटतो, ट्रायग्रॅमला दोन्ही वेगळे दिसतात. नोंद भरताना आणि शोधताना, दोन्ही वेळा बदल करा.

वाचनालयात मी शब्दांची सूची ठेवली आहे आणि शोध तारा लावूनच जातो. काहीच सापडलं नाही, तरच फक्त नावांवर बांधलेल्या ट्रायग्रॅमकडे वळतो. दोन चिन्हांचा शोध तिथवर आलाच, तर सरळ `LIKE`. बारा हजार नावं एकेक करून वाचायला त्याला कितीसा वेळ लागणार? तुमच्याकडे परिचय नसून नुसती नावं असतील, आणि त्यांत जोडशब्दांचा भरणा असेल, तर मात्र आधी ट्रायग्रॅम आणि मग शब्दांची सूची, असा उलटा क्रम लावून बघा.