लॅमिनेट फ्लोअरिंग: स्कर्टिंगखाली झाकलेली फसवणूक

लॅमिनेटच्या क्लिकवाल्या फळ्या बसवून घेणार असाल तर एक पक्कं ठरवून टाका: स्कर्टिंग ठोकायच्या आधी सगळ्या कडा स्वतः पाहायच्या आणि तोवर शेवटचा हप्ता द्यायचा नाही. आमच्याकडे फिटरने संध्याकाळी घाईघाईने स्कर्टिंग लावलं, पैसे घेतले आणि गेला. जमीन दिसत होती सुरेख.

दमट हवा सुरू झाली तशी खोलीच्या मधोमध जमीन वर उचलली गेली. पाय ठेवला की खाली दबायची, उचलला की पुन्हा वर यायची. काही ठिकाणी दोन फळ्यांच्या सांध्याला बोटाला लागेल असा उंचवटा आला. फिटरला फोन केला, तर म्हणाला, "साहेब, लाकूड आहे, फुगणारच. वापरून वापरून बसेल."

फुगणारच, हे खरं आहे. फळीचा गाभा दाबलेल्या लाकूडतंतूंचा असतो. दमट हवेत तो पसरतो, कोरड्या हवेत आकसतो. म्हणूनच ही जमीन खाली चिकटवत नाहीत, स्क्रूनेही धरत नाहीत; ती नुसती तरंगती ठेवतात आणि चारही बाजूंनी भिंतीपासून साधारण 8 ते 12 मिलिमीटर मोकळी सोडतात. काम चालू असताना भिंतीलगत स्पेसर म्हणजे छोट्या पाचरी ठेवायच्या आणि शेवटी काढून घ्यायच्या. दाराच्या चौकटीशी आणि पाइपांभोवतीही तेवढीच फट हवी. पुढे ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, आणि नेमका इथेच लबाडीला वाव मिळतो.

दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने एका भिंतीचं स्कर्टिंग अलगद काढलं. फळ्या प्लास्टरला घट्ट टेकलेल्या! फट सोडली असती तर स्कर्टिंगची जाडी नीट जुळवावी लागली असती, माप घेऊन कापावं लागलं असतं. त्यापेक्षा हातोडीने ठोकून भिंतीला भिडवणं सोपं. फळ्यांना दोन्ही बाजूंना सरकायला जागाच नव्हती, मग त्या वर नाही उठणार तर काय?

कडेच्या काही फळ्या सोडवल्यावर खालचं दिसलं. बिलात प्लास्टिक शीट आणि फोम पूर्ण खोलीचा लावलेला. प्रत्यक्षात फोम फक्त दारापासून हातभर आत, म्हणजे काम बघायला डोकावणाऱ्याला दिसेल एवढाच. पुढे नुसता सिमेंटचा कोबा, आणि शीट तर कुठेच नाही. कोब्यातून वर येणारी ओल अडवायला शीट लागते. तिच्या पट्ट्या एकमेकींवर 20 सेंटिमीटर चढवून टेप लावतात. फोम मात्र एकावर एक चढवायचा नाही, कडेला कड लावायची. तो छोटे खडबडीतपण सावरतो, पावलांचा आवाजही कमी करतो. बरं, फोम आहे की नाही हे वरूनही थोडं कळतं: नाण्याने ठोकत चालत गेलं की दाराजवळ आणि आतल्या भागात आवाज वेगळा येतो. आमच्याकडे तो बदल अगदी स्पष्ट होता.

तिसरी गोष्ट तर उघड्यावरच होती. शेजारच्या दोन रांगांमधले आडवे सांधे एकमेकांपासून किमान 30 सेंटिमीटर दूर हवेत, म्हणजे चालताना पडणारा भार फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या खाचांवर वाटला जातो. आमचे जेमतेम चार बोटं सरकलेले. खोली साडेचार मीटर लांब, फळी 1.2 मीटरची. दोन्हीकडच्या फटी सोडून राहतात 4.48 मीटर. पहिल्या रांगेत तीन अख्ख्या फळ्या आणि 88 सेंटिमीटरचा तुकडा. उरलेला 32 सेंटिमीटरचा तुकडा दुसऱ्या रांगेच्या सुरुवातीला लावला की सांधे आपोआप 32 सेंटिमीटरने सरकतात. पुढच्या रांगेला 64 चा तुकडा उरतो, तो तिथे. हिशोब इतका सोपा असताना आमच्या फिटरने उरलेले तुकडे फेकले, बहुतेक रांगा अख्ख्या किंवा किंचित छाटलेल्या फळीने सुरू केल्या, आणि वर "वेस्टेज जास्त गेलं" म्हणून एक खोका जादा मागवला.

फिटरला फोटो पाठवले, तेव्हा त्याने फोमचे आणि शीटचे पैसे परत केले. मजुरीचं नाव काढलं नाही. नव्या मिस्त्रीने कडा कापून फट मोकळी केली. उंचवटा काही दिवसांत खाली बसला, पण ताणाने ज्या फळ्यांच्या खाचा तुटल्या होत्या त्यांचे सांधे पुन्हा मिटेनात. तेवढ्या फळ्या बदलायच्या तर कडेपासून तिथपर्यंतच्या सगळ्या रांगा उकलाव्या लागतात. शीटही खालून टाकायची आहेच, तेव्हा सगळंच उकलून नव्याने घालून घेत आहोत. या वेळी स्कर्टिंगचा गठ्ठा मी कुलपात ठेवला आहे.