नुसते ‘बंद कर’ म्हटल्यावर काय बंद व्हावे: चार पद्धतींची तुलना

मराठीत आज्ञा देताना कर्म गाळायची आपल्याला सवय आहे. ऐकणाऱ्याला सगळे दिसत असते, म्हणून ‘बंद कर’ एवढे पुरते. फार झाले तर ‘तो बंद कर गं’ म्हणत हनुवटीने दिशा दाखवली जाते. आवाजावर चालणाऱ्या स्पीकरला हनुवटी दिसत नाही. (1980 मध्ये एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी बोट दाखवणे आणि बोलणे एकत्र समजून घेणारी प्रणाली मांडली होती; घरोघरच्या स्पीकरमध्ये मात्र कानच आले, डोळे नाहीत.) घरात आवाजावर चालणारी एकच वस्तू असेल तर काही अडत नाही. पण नागपूरच्या घरात मे महिन्यात कूलर, पंखा, टीव्ही, दिवे आणि टाकी भरण्याची मोटर अशा पाच-सहा वस्तू जोडल्या, की त्या दोन शब्दांचा अर्थ कोणत्या नियमाने लावायचा हे आधी ठरवावे लागते. होम असिस्टंटसारखी स्वतः मांडता येणारी प्रणाली वापरणाऱ्यांना हा नियम बराचसा स्वतः रचता येतो. ही तुलना त्यांच्यासाठी, आणि घरी आई-वडिलांसाठी अशी सोय करून देण्याच्या विचारात असलेल्यांसाठी आहे.

चारही पद्धती एकाच प्रसंगावर तपासू. मनीषनगरमधल्या माझ्या आईच्या घरात एक स्पीकर हॉलमध्ये, कूलरपासून दोन-तीन हातांवर आहे आणि दुसरा स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला. संध्याकाळचे 6 वाजून 10 मिनिटे झाली आहेत. कूलर आणि पंखा 4 वाजल्यापासून सुरू आहेत, टीव्ही 5:45 ला लावला, मोटर 5:50 ला सुरू केली आणि स्वयंपाकघरातला दिवा 6:05 ला वहिनीने लावला. फोन वाजतो, आई हॉलमधल्या सोफ्यावरून स्पीकरला हाक मारते आणि म्हणते, “बंद कर.” तिला टीव्ही बंद व्हायला हवा आहे.

पहिली पद्धत शेवटच्या वस्तूची: ज्या वस्तूबद्दल नुकतेच काही बोलले किंवा केले गेले, तीच ही. माणसांच्या संभाषणात हा नियम चांगला चालतो, कारण ‘पंखा लाव’ म्हणून अर्ध्या मिनिटाने ‘बंद कर’ म्हटले तर तो पंखाच असतो. आपल्या प्रसंगात मात्र शेवटची हालचाल दिव्याची आहे, तीही दुसऱ्या माणसाने दुसऱ्या खोलीत केलेली. त्यामुळे टीव्ही गाजत राहतो आणि वहिनी अंधारात उभी राहते. याला दोन दुरुस्त्या आवश्यक आहेत. हाताने दाबलेले प्रत्येक बटण मोजायचे नाही, केवळ त्याच स्पीकरवरून दिलेल्या आज्ञा मोजायच्या. आणि त्यांना मुदत घालायची. आम्ही दोन मिनिटे ठेवली आहेत. त्यापुढे गेलेली आज्ञा संदर्भ म्हणून धरली जात नाही. या मर्यादेत पहिला नियम सर्वांत कमी वेळा चुकतो, पण आपल्या प्रसंगात टीव्ही लावून पंचवीस मिनिटे झालेली असल्यामुळे तो गप्प बसतो, आणि गप्प बसणे हेच त्याचे योग्य वागणे आहे.

दुसरी पद्धत खोलीची. प्रत्येक स्पीकरला आणि प्रत्येक वस्तूला खोली नेमून द्यायची, आणि आज्ञा ज्या स्पीकरने ऐकली त्याच्या खोलीतल्याच वस्तूंचा विचार करायचा. बाजारातल्या बहुतेक प्रणालींमध्ये ही सोय तयार मिळते आणि ‘दिवा बंद कर’ यासारख्या, वस्तूचे नाव असलेल्या आज्ञेसाठी ती उत्तम आहे. एकाच घरातल्या दोन स्पीकरनी हाक ऐकली तर कोणी उत्तर द्यायचे, हेही प्रणालीला ठरवावे लागते, आणि साधारणतः आवाज ज्याच्याकडे अधिक स्पष्ट पोहोचला त्याला काम मिळते. अ‍ॅमेझॉनने इको स्पीकरसाठी ही निवड 2016 मध्ये आणली.

नेमके इथेच नागपूरच्या उन्हाळ्यात घोळ होतो. स्पष्टता म्हणजे बोलण्याचा आवाज आणि भोवतालचा गोंगाट यांच्यातला फरक. कूलरचा पंखा पूर्ण वेगाने फिरत असताना हॉलमधल्या स्पीकरच्या मायक्रोफोनवर हवेचा सततचा घरघराट असतो; आईचे शब्द त्याला मोठ्याने ऐकू येतात, पण त्या घरघराटात बुडालेले. स्वयंपाकघरातला स्पीकर लांब असतो, त्याला शब्द हळू पोहोचतात, तरी भोवती शांतता असल्यामुळे ते अधिक स्वच्छ पोहोचतात. मधले दार उघडे असले की काम स्वयंपाकघराकडे जाते, आणि पुन्हा वहिनीचाच दिवा विझतो. हा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे: त्याच जागेवरून तीच आज्ञा कूलर सुरू असताना आणि बंद असताना पाच-पाच वेळा द्यावी आणि कोणत्या स्पीकरचा दिवा लागतो ते पाहावे. कूलर बंद असताना हॉल आणि सुरू असताना स्वयंपाकघर असा पालट दिसला, तर सेटिंग बदलण्यात वेळ घालवू नये. स्पीकर कूलरच्या झोतातून काढून समोरच्या भिंतीकडे, बसणाऱ्याच्या पाठीमागे न्यावा. आमच्याकडे एवढ्यानेच बहुतेक त्रास मिटला.

आणि हॉलच्या स्पीकरने बरोबर ऐकले, तरी खोलीच्या नियमाने काम अर्धेच होते, कारण हॉलमध्ये कूलर, पंखा आणि टीव्ही असे तीन उमेदवार उरतात. ‘खोलीतले सगळे बंद’ असा सोपा अर्थ लावणाऱ्या व्यवस्था असतात. पारा 45 अंशांवर असताना वयस्कर माणसाच्या खोलीत तो अर्थ मी कदापि लावू देणार नाही.

तिसरी पद्धत स्थितीची: जे मुळात बंद आहे ते बंद करायला कोणी सांगत नाही, म्हणून केवळ सुरू असलेल्या वस्तू विचारात घ्याव्यात. हा नियम एकट्याने निर्णय देत नाही, पण तो प्रत्येक पद्धतीच्या आधी लावावा, कारण त्याने यादी फुकट लहान होते. अट एवढीच की वस्तूची खरी स्थिती प्रणालीला कळली पाहिजे, आणि तिथे दोन खड्डे आहेत. रिमोटची नक्कल करणाऱ्या इन्फ्रारेड यंत्राला टीव्ही सुरू आहे की नाही हे समजत नाही. त्याने आपण पाठवलेल्या आज्ञा लक्षात ठेवलेल्या असतात, एवढेच. कोणी हातातल्या रिमोटने टीव्ही बंद केला की त्याचा हिशेब उलटा होतो, आणि अनेक रिमोटवर चालू-बंदचे बटण एकच असल्याने ‘बंद कर’ म्हटल्यावर टीव्ही चक्क सुरू होतो. दुसरा खड्डा कूलरचा. तो स्मार्ट प्लगवर असतो, पण त्याच्या अंगावरची कळ वेगळी असते. कळ बंद आणि प्लग चालू असला तर प्रणालीच्या लेखी कूलर सुरूच असतो. म्हणून वीज मोजणारा प्लग घ्यावा आणि स्थिती वॅटवरून ठरवावी. घरगुती कूलर शंभर-दोनशे वॅट घेतो, त्यातला पाण्याचा पंप वीसेक वॅटचा असतो, आणि बंद कूलर काहीच घेत नाही, त्यामुळे फरक स्वच्छ दिसतो.

पंपाचा उल्लेख उगाच केलेला नाही. मृगाचा पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की नागपुरात लोक कूलरचे पाणी बंद करतात आणि पंखा तेवढा ठेवतात. त्या दिवसांत ‘बंद कर’ याचा अर्थ एकाच वस्तूच्या आतही दोन होतो. पंप आणि पंखा वेगळ्या रिलेवर नसतील तर कोणताही नियम ते सोडवू शकत नाही.

मराठीत एक जास्तीचा आधार मिळेल असे सुरुवातीला मला वाटले होते, तो म्हणजे लिंगाचा. ‘ती बंद कर’ म्हटले तर मोटर, ‘तो’ म्हटले तर उरलेल्यांपैकी एक. प्रत्यक्षात कूलर, पंखा, टीव्ही, दिवा, गिझर हे सगळेच ‘तो’ निघाले आणि ‘ती’ एकटी मोटर. शिवाय लाईटला कोणी ‘तो’ म्हणते, कोणी ‘ती’, आणि घाईत सर्वनाम गळूनच जाते. मोटर ओळखायला हा आधार घ्यावा, इतरांसाठी त्यावर विसंबू नये.

चौथी पद्धत उलट विचारण्याची. ती सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत कंटाळवाणी आहे. तीन-चार नावे वाचून दाखवली तर शेवटचे ऐकेपर्यंत पहिले विसरले जाते, आणि फोन वाजत असताना तर माणूस उठून हातानेच बटण दाबतो. म्हणून विचारायचेच असेल तर सर्वांत संभाव्य एकाच वस्तूचे नाव घेऊन, ‘हो’ किंवा ‘नाही’ इतक्या उत्तरात भागेल असे विचारावे. आपल्या प्रसंगात स्थितीचा नियम पाच वस्तू ठेवतो, स्पीकर हलवल्यानंतर खोलीचा नियम त्यांतल्या तीन ठेवतो. त्या तिघांत संध्याकाळी 6 वाजता आवाज करणारा टीव्ही पहिला विचारला, तर आईचे काम एका ‘हो’वर होते. कूलर आणि पंखा मागे ठेवण्याचे कारण वेगळे आहे: ते चुकून बंद झाले तर माणूस उकाड्यात राहतो.

विचारावे की सरळ करून टाकावे, हे चूक परत फिरवायला किती पडते यावरून ठरवावे असे माझे मत आहे. दिवा चुकून विझला तर ‘तो नाही’ म्हणताच क्षणात लागतो, तिथे प्रश्न विचारणे हाच त्रास आहे. एसीचे तसे नसते. बंद करून लगेच लावला तरी कॉम्प्रेसर सुरू व्हायला साधारण तीन मिनिटे थांबतो. फ्रिज, राऊटर, आणि घरात कोणासाठी ऑक्सिजनचे यंत्र असेल तर ते, नाव नसलेल्या आज्ञेच्या कक्षेतून पूर्णपणे काढून टाकावे. होम असिस्टंटमध्ये कोणती वस्तू आवाजाला उपलब्ध ठेवायची हे एकेक करून निवडता येते.

निवड करायची झाली तर अशी करावी. दोन खोल्या आणि एकच स्पीकर असेल तर स्थितीचा नियम आणि दोन मिनिटांच्या मुदतीतली शेवटची वस्तू एवढे पुरते. खोल्या मांडण्याच्या भानगडीत पडू नये. खोलीगणिक स्पीकर असतील तर क्रम स्थिती, मुदतीतली शेवटची वस्तू, मग खोली असा ठेवावा, आणि त्यानंतरही दोन उरले तर दिव्यांपुरते न विचारता करावे, बाकीच्यांसाठी एका नावाने विचारावे. घरात वयस्कर माणूस एकटा राहत असेल तर कूलर आणि एसी यांना नावाशिवाय हात लावू देऊ नये, मग त्यासाठी रोज एखादा प्रश्न जास्त ऐकावा लागला तरी चालेल.

मोटर मी या क्रमात धरलेलीच नाही. टाकी भरून पाणी गच्चीवरून खाली यायला लागले की आई जे ‘बंद कर, बंद कर’ ओरडते, त्या वेळी प्रश्नोत्तराला वेळ नसतो, आणि शेवटची आज्ञा वीस मिनिटे जुनी असते. तिथे आम्ही टाकीत फ्लोट स्विच बसवला.