टायमर की वही: महिनाभर कामाचे तास मोजताना

घरी बॅगा आणि कव्हरं शिवून तासाला नेमकं काय सुटतं, हे काढायला मी एक महिना फोनवरचा टायमर वापरला आणि पुढचा महिना मशीनशेजारी ठेवलेली वही. दोन्ही महिन्यांत काम साधारण सारखंच होतं.

टायमरचं मोठं सुख म्हणजे बेरीज आपोआप होते. सलग तीन-चार तास एकाच कामाला बसणाऱ्यांना याहून सोयीचं काही नसावं. माझं काम तसं नाही. कापड बेतताना गिऱ्हाइकाचा फोन येतो, तो संपेतो कुणीतरी चेन बदलून घ्यायला दारात उभं असतं. आणि फोनवर बोलता बोलता त्याच फोनवर टायमर सुरू करणं मला एकदाही जमलं नाही. ही एकच गोष्ट महिनाभर छळत राहिली. रात्री अंदाजाने आकडा भरायचो, आणि पुढे वही भरू लागल्यावर कळलं की तो अंदाज दर वेळी कमीच असायचा.

वहीत दिवसाला एक पान घेतलं आणि पंधरा-पंधरा मिनिटांच्या रेघा मारल्या. बेतण्याला 'बे', शिवणाला 'शि', बोलण्याला 'बो', सामान आणण्या-पोचवण्याला 'आ', उसवून परत शिवण्याला 'उ'. पेन दोऱ्याने मशीनला बांधून ठेवलं. काम बदललं की अक्षर टाकायचं, एवढंच. रविवारी बेरीज करायला अर्धा तास जातो आणि पाच-सात मिनिटं इकडची तिकडे होतात, हे मान्य. पण वहीसुद्धा रात्री आठवून भरली तर टायमरसारखीच फसवते.

टायमरने १०० तास दाखवले, वहीने १४०. बेतण्या-शिवण्याचे तास जवळपास तेवढेच निघाले. वाढलेल्या ४० पैकी १७ बोलण्यात, १४ आणण्या-पोचवण्यात आणि ९ उसवण्यात गेले होते.

दोन्ही महिन्यांत विक्री ३२,००० च्या आसपास होती आणि खर्च ११,०००. खर्चात त्या महिन्यात वापरलेलंच कापड, दोरा आणि चेन धरली. गठ्ठ्याने आणलेलं सगळं सामान एकाच महिन्यावर टाकलं तर हिशेब बिघडतो. मशीनच्या वर्षभराच्या देखभालीचा बारावा हिस्साही त्यात धरला. उरले २१,०००. टायमरच्या हिशेबाने तासाला २१०, वहीच्या हिशेबाने १५०. मी दर लावत होतो ते २१० मनात धरून.

ज्यांचं काम दिवसातून दोन-तीनदाच बदलतं, त्यांनी कदाचित टायमरच घ्यावा. माझ्यासारखं दर वीस मिनिटांनी उठावं लागत असेल, तर मी वही सुचवेन. माझ्या वहीत 'बो' सगळ्यात जास्त सकाळी दहा ते बारामध्ये सापडला, म्हणून आता बेतायला मी दुपारी बसतो.