मॉडेल पुन्हा शिकवायचं कधी: पीएसआय बघून की बोंडं फोडून?

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा इशारा देणारं मॉडेल शेतात उतरवलं, की ते बिघडतंय का हे ओळखायच्या दोन वाटा असतात. पहिलीत मॉडेलला मिळणारी माहिती बदलली का ते बघायचं. कामगंध सापळ्यातले पतंग, पिकाचं वय आणि पाऊस यंदा कसे आहेत, ते शिकवणीच्या वर्षांशी ताडून पीएसआय, म्हणजे दोन वाटपांत किती फरक पडला हे सांगणारा आकडा, काढायचा. दुसरीत दर आठवड्याला काही शेतं निवडून हिरवी बोंडं फोडायची आणि मॉडेल काय म्हणालं होतं ते बघायचं. यवतमाळ जिल्ह्यात मी दोन्ही वाटा चाललो आहे.

पीएसआयची सोय मोठी आहे. चिखल तुडवावा लागत नाही, आकडा रोज मिळतो. सापळ्यातली गोळी वेळेवर बदलली नाही किंवा रिकामी नोंद शून्य म्हणून चढली, तर तो लगेच बोंब मारतो. एवढ्यासाठी तो आजही चालू ठेवावा असं मला वाटतं.

पण मॉडेल पुन्हा शिकवायचं का, हे त्यावर ठरवायला गेलं की त्रास सुरू होतो, आणि माझ्यापुरता निकाल याच त्रासाने लागला. पाऊस लांबला की तो ओरडतो, आणि विदर्भात पाऊस लांबणं नवं नाही. समजा, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एरवी 20 टक्के शेतं 60 दिवसांच्या आतली, 50 टक्के 60 ते 75 दिवसांची आणि 30 टक्के त्यापुढची असतात. पेरणी मागे पडल्यावर हेच वाटप 45, 40 आणि 15 होतं. पीएसआय येतो साधारण 0.33. चालू संकेत असा, की 0.25 च्या वर गेलं तर बदल मोठा मानायचा. पण बोंडं फोडली तर मॉडेलचं उत्तर पहिल्याइतकंच बरोबर निघतं, कारण पिकाचं वय त्याला आधीच ठाऊक आहे. “भाऊ, पेरणीच उशिरा झाली ना यंदा,” असं सापळे मोजणारा पोरगा सहज सांगतो. आकडा मात्र लाल. असे इशारे येत राहिले की खरा इशाराही कोणी वाचत नाही.

उलट गोष्ट जास्त घातक. मध्येच काही शेतकरी मीलन रोखणाऱ्या गंधदोऱ्या बांधू लागतात. हवेत मादीचा गंध इतका पसरतो की नराला सापळा सापडत नाही. सापळा रिकामा, मॉडेल म्हणतं ‘सुरक्षित’. पण शेजारच्या, दोरी नसलेल्या शेतातून मिलन झालेली मादी उडून येते आणि अंडी घालते. छोट्या तुकड्यांत हे जास्त होतं. कमी पतंग म्हणजे कमी नुकसान हे नातंच त्या शेतांपुरतं तुटलेलं असतं, आणि अशी शेतं थोडी असली तर सगळ्यांचा मिळून पीएसआय 0.1 च्या खाली निवांत बसतो.

हे बोंडांत दिसतं. एकरी 20 हिरवी बोंडं फोडायची. दोनांत अळी सापडली की 10 टक्के, म्हणजे आर्थिक नुकसान पातळी गाठली. ‘सुरक्षित’ म्हटलेली शेतंही चिठ्ठ्या टाकून निवडायची, आणि बोंडं फवारणीच्या आधी फोडायची. नाहीतर इशारा मिळालेला शेतकरी फवारतो, अळी दिसत नाही आणि चांगलं मॉडेल खोटं ठरतं. फक्त तक्रार आलेली शेतं पाहिली तर तेच मॉडेल उगाच वाईट दिसतं.

या वाटेलाही मर्यादा आहे. ‘सुरक्षित’ म्हटलेल्या 50 शेतांत एरवी 5 चुकीची निघत असतील आणि यंदा 7 निघाली, तर तो नुसता योगायोगही असू शकतो. एवढ्या नमुन्यात चुकीचं प्रमाण 10 वरून 14 टक्क्यांवर जाणं सहज घडतं. 14 निघाली तर गोष्ट वेगळी. म्हणून मी सलग दोन आठवडे बघतो आणि मग चुकलेली शेतं एकेक करून तपासतो: वाण कोणतं, पेरणी कधीची, दोरी बांधली होती का.

14 पैकी बहुतेक दोरीवाली निघाली, तर सगळं मॉडेल लगेच शिकवायला घेऊ नये असं माझं मत. जुन्या नोंदींत दोरीचा रकाना नसतो, तेव्हा नुसता नवा डेटा मिसळला तर दोन्ही प्रकारच्या शेतांची सरासरी निघेल आणि दोन्हीकडे चूक होईल. आधी रकाना वाढवायचा. दोरी असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही शेतांच्या पुरेशा नोंदी होईपर्यंत दोरीवाल्यांना सापळ्यावरून इशारा द्यायचाच नाही, बोंडं फोडूनच सांगायचं. शिकवणी त्यानंतर.

हाताशी माणसं अजिबात नसतील तर पीएसआयवर भागवावं लागेल, हे मान्य. पण आठवड्याला दोन माणसं शेतात जाऊ शकत असतील, तर पैसा मी बोंडं फोडण्यावर लावीन.