ऑक्सिडीकरण-क्षपण: नियम पाठ करायचे की इलेक्ट्रॉनच्या मागे जायचं?

अकरावीला सायन्स घेतलेल्या पोरांपुढे दोन वाटा असतात. एक पाठांतराची: ऑक्सिजन मिळाला की ऑक्सिडीकरण, गेला की क्षपण, हायड्रोजनचं उलट. दुसरी वाट एवढंच विचारते की इलेक्ट्रॉन कुणी दिला आणि कुणी घेतला. मी पहिल्या वाटेनं शिकलो आणि काही वर्षं तशीच शिकवलीही.

ती वाट टाकाऊ नाही. मॅग्नेशियमची फीत जळते किंवा तापवलेल्या काळ्या कॉपर ऑक्साइडवरून हायड्रोजन सोडला की तांबं उरतं, तिथं उत्तर लगेच हाती येतं.

माझं अडलं ते मोरचुदावर, म्हणजे कॉपर सल्फेटवर. अंबडकडे आमची मोसंबी आहे. तिच्यावर बोर्डो हे बुरशीनाशक फवारतो. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, तेही प्लॅस्टिकच्या टाकीत. फवारणीआधी वडील त्यात विळ्याचं पातं मिनिटभर धरतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडलाय.

हे मी वर्गात विचारलं. एक पोरगी म्हणाली, "सर, CuSO₄ मधून ऑक्सिजन गेला, म्हणून तांब्याचं क्षपण झालं." उत्तर बरोबर होतं, कारण चूक. मोरचुदाऐवजी CuCl₂ घेतलं तरी लोखंडावर तांबंच चढतं, आणि त्यात ऑक्सिजन औषधालाही नाही. पाठ केलेला नियम इथं मुका होतो. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच, की नियम चुकीच्या कारणानं बरोबर उत्तर देतो आणि चूक कुणाला दिसतच नाही.

इलेक्ट्रॉनच्या वाटेनं तीच गोष्ट अशी दिसते:

```
Fe → Fe²⁺ + 2e⁻
Cu²⁺ + 2e⁻ → Cu
```

लोखंड दोन इलेक्ट्रॉन देतं आणि विरघळतं, म्हणजे त्याचं ऑक्सिडीकरण. द्रावणातलं Cu²⁺ ते घेऊन पात्यावर बसतं, म्हणजे त्याचं क्षपण. सल्फेट जसंच्या तसं राहतं. घेणारं Cu²⁺ म्हणून ऑक्सिडक तेच, हाही नेहमीचा गोंधळ इथं मिटतो. पुरेसा चुना पडला की तांबं न विरघळणाऱ्या रूपात जातं, मोकळं Cu²⁺ जवळजवळ उरत नाही, आणि विळा स्वच्छ निघतो. लोखंडी टाकी का चालत नाही, तेही यातच आलं.

या वाटेलाही मर्यादा आहे. मिथेन जळताना कार्बन इलेक्ट्रॉन सरळ देऊन टाकत नाही, ते वाटून घेतलेले असतात. तिथं ऑक्सिडीकरण अंकाचा हिशोब ठेवावा लागतो: CH₄ मध्ये −४, CO₂ मध्ये +४, म्हणजे कागदावर आठ इलेक्ट्रॉन. अशा ठिकाणी 'ऑक्सिजन मिळाला' हा नियम झटपट पडतो, हे मान्य.

परीक्षा आठवड्यावर आली असेल, तर पाठांतरानं निभावेल कदाचित. हातात महिनाभर असेल, तर माझ्या मते आधी मोरचुदाच्या द्रावणात एक घासलेला खिळा टाकून बघावा, आणि नियमांची वही नंतर उघडावी.