चॅटमध्ये फोटो ओढून टाकताना: ऑनलाइन प्रत बरी की संगणकावरची?

क्लाउडमधला फोटो चॅटच्या खिडकीत ओढून टाकणाऱ्यांपुढे दोन मार्ग असतात. एक तर सगळे फोटो केवळ ऑनलाइन ठेवायचे आणि लागेल तेव्हा ते आपोआप उतरतील यावर विसंबायचे, नाही तर कामाचा फोल्डर संगणकावर कायम उतरवून ठेवायचा. मी वाशी, कोपरखैरणे, नेरूळ भागातील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची पाहणी करतो आणि स्लॅबच्या भेगांचे, गळतीचे फोटो सोसायटीच्या समितीला दिवसभर चॅटवर पाठवत असतो. त्यामुळे दोन्ही मार्ग मी पुरेसे वापरले आहेत. येथे विचार विंडोजपुरता केला आहे.

ऑनलाइन प्रतीच्या बाजूने बोलायचे तर जागेची बचत हा तिचा खरा गुण आहे. लॅपटॉपची डिस्क लहान असेल आणि दिवसाकाठी एखादाच फोटो पाठवायचा असेल, तर हा मार्ग सहसा त्रास देत नाही. मला त्रास झाला तो लघुचित्राचा. एक्सप्लोररमध्ये भेगेचा फोटो स्वच्छ दिसतो, म्हणून तो संगणकावर आहे असेच आपण धरून चालतो. वास्तविक ते लघुचित्र क्लाउडकडून वेगळे आलेले असते आणि मूळ फोटोचा एकही बाइट डिस्कवर नसतो. फाइलच्या गुणधर्मांत पाहिल्यास `Size` पूर्ण दिसतो, पण `Size on disk` शून्य असतो. हाच फरक चॅटच्या साधनालाही फसवतो. ओढताना आपण त्याला फोटो देत नाही, फक्त फाइलचा पत्ता देतो. ते साधन आकार विचारते, तो बरोबर मिळतो, म्हणून फाइल स्वीकारली जाते. प्रत्यक्ष वाचायला सुरुवात केली की विंडोज ते वाचन अडवून ठेवते आणि क्लाउडच्या अ‍ॅपला फाइल उतरवायला सांगते.

समजा, प्रत्येकी 9 एमबीचे 12 फोटो एकदम ओढले. एकूण 108 एमबी झाले. सेकंदाला 40 मेगाबिटच्या जोडणीवर ते उतरायलाच साधारण 22 सेकंद लागतील आणि चॅटवर चढण्याचा वेळ त्यानंतरचा. काही साधने तेवढा वेळ शांतपणे थांबतात, काही मध्येच हात टेकतात. मी वापरत असलेल्या साधनात पहिले काही फोटो जात आणि उरलेल्यांवर केवळ ‘अपलोड झाले नाही’ एवढाच शेरा येई. कारण कळत नसे, आणि समितीचे सचिव मात्र ‘साहेब, गच्चीचे फोटो राहिले’ म्हणून फोन करत. कदाचित इतरांचे साधन अधिक सोशिक असेल, पण माझा कौल या एका कटकटीने ठरला.

क्लाउडचे अ‍ॅपच बंद असेल, तर फाइल उघडताना 0x8007016A ही त्रुटी दिसू शकते. तेव्हा ते अ‍ॅप सुरू करावे, एवढेच. याहून फसवे कारण आणखी एक आहे. एखादा प्रोग्राम ऑनलाइन फाइल आपोआप उतरवू लागला की विंडोज सूचना दाखवते आणि तीत `Block app` असे बटण असते. घाईत कोणी ते दाबले, तर त्या चॅट साधनाला त्यानंतर ऑनलाइन फाइल उतरवता येत नाही, इंटरनेट कितीही चांगले असले तरी. त्यामुळे एकच फोटो सतत नव्हे, तर त्या साधनातून प्रत्येक ऑनलाइन फोटो फसत असेल, तर सेटिंग्जच्या प्रायव्हसी विभागात `Automatic file downloads` पाहावे.

दुसऱ्या मार्गात चालू कामाच्या फोल्डरवर उजवी कळ दाबून `Always keep on this device` निवडायचे. वनड्राइव्हमध्ये ढगाच्या चिन्हाऐवजी भरीव हिरवे वर्तुळ दिसू लागले की ओढायला हरकत नाही. पांढऱ्या वर्तुळातील हिरवी खूण मात्र वेगळी: तो फोटो एकदा उघडल्याने उतरलेला असतो आणि जागा मोकळी करण्यासाठी विंडोजचे स्टोरेज सेन्स, तशी मुदत लावलेली असल्यास, त्याला पुन्हा ऑनलाइन करू शकते. भरीव खुणेच्या फाइलींना ते हात लावत नाही. एखाददुसराच फोटो असेल, तर ओढण्यापूर्वी तो दोनदा टिचकी मारून उघडणेही पुरते. दुवा पाठवण्याचा तिसरा पर्याय आहे खरा, पण फोनवर परवानगीच्या पानाशी झगडणाऱ्या ज्येष्ठ सभासदांना तो मी सुचवणार नाही.

माझ्या मते, ज्यांना गटाने फोटो पाठवायचे आहेत त्यांनी सगळा क्लाउड नव्हे, तर फक्त चालू इमारतीचा फोल्डर असा उतरवून ठेवावा. काम संपले की त्याच फोल्डरवर `Free up space` निवडावे. त्याने डिस्कवरची प्रतच जाते. तो फोल्डर डिलीट केला, तर मात्र क्लाउडमधलीही प्रत निघून जाते.