दहा महिने घरचं टिंक्चर: सुंठ जमली, तुळस एकदा बुडाली, हळद सोडून दिली

आपल्याकडे टिंक्चर म्हटलं की गुडघा फुटल्यावर लावायचं आयोडीन आठवतं. मी म्हणतेय ते खायच्या वनस्पतीचं, म्हणजे मद्यार्कात मुरवून गाळलेला अर्क. गेल्या आषाढात परभणीच्या घरी पहिली बरणी घातली आणि आता वैशाख चालू आहे. चार बरण्या जमल्या, एक फेकली, एक अर्धवट सोडली. त्याचाच हा हिशोब.

पहिला प्रश्न मद्यार्काचा. पुस्तकांत 60, 70, 95 टक्के असं बिनधास्त लिहिलेलं असतं. आपल्या दुकानात मिळते ती साधी व्होडका, बाटलीवर 42.8 टक्के. परवाना यांच्या नावावर आहे, म्हणून बाटली तेच घेऊन आले. सासूबाईंनी ती हळदीकुंकवाच्या डब्याशेजारी पाहिली आणि दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या. 95 टक्क्यांचं शुद्ध स्पिरिट तुम्हा-आम्हाला सहज मिळत नाही. शेजारच्या वहिनींनी सुचवलं, "सॅनिटायझर घाला की, तेही स्पिरिटच." नाही म्हणजे नाही. सॅनिटायझर, सर्जिकल स्पिरिट, रंगवाल्याचं स्पिरिट यांत पिण्याला घातक गोष्टी मिसळलेल्या असतात. मिथेनॉल असलं तर डोळे जातात, जीवही जातो. तेव्हा माझा सगळा खेळ 42.8 च्या आतलाच.

पहिली सुंठ. 60 ग्रॅम सुंठ खलबत्त्यात जाडसर कुटली, पूड केली नाही, कारण पूड गाळताना जीव खाते. तिच्यावर 300 मिली व्होडका ओतली. एक ग्रॅमला पाच मिली, वाळलेल्या वनस्पतीचं हेच नेहमीचं प्रमाण. पहिला आठवडा रोज हलवली, एकूण चार आठवडे ठेवली, मग मलमलच्या फडक्यातून पिळली. हाती 230 मिलीच्या आसपास आलं, बाकीचं चोथ्याने पिऊन टाकलं. रंग मधासारखा, चव जिभेला चटका देणारी. कोमट पाण्यात थेंब टाकले की पाणी दुधाळ होतं. सुंठेतला राळेसारखा भाग मद्यार्कात विरघळतो, पाण्यात नाही, म्हणून पाणी मिळताच तो बाहेर पडतो. पहिल्यांदा मी घाबरले होते, आता तीच अर्क उतरल्याची खूण मानते.

या यशाने डोकं फिरलं आणि मी श्रावणात ओली तुळस घातली. अंगणातल्या दोन झाडांची पानं तोडली (द्वादशीला नव्हे, त्याबद्दल सासूबाईंचं लक्ष होतं), 300 ग्रॅम भरली. बरणीत दाबून कोंबली आणि पानं बुडतील इतपत, म्हणजे 250 मिली व्होडका घातली. बारा दिवसांनी झाकण उघडलं तर वर तरंगणाऱ्या पानांवर पांढरट मखमल आणि ओल्या गोणपाटाचा वास. सगळं उकिरड्यावर.

चूक कुठे झाली ते कागदावर मांडल्यावर कळलं. ओल्या पानांत 85 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. 300 ग्रॅम पानांतून साधारण 255 मिली पाणी आलं. 250 मिली व्होडकेत मद्यार्क फक्त 107 मिली. एकूण द्रव 505 मिली, त्यात 107, म्हणजे जेमतेम 21 टक्के. मी व्होडका 42.8 ची घातली, पण बरणीत राहिली निम्मी. इतक्यावर कधी निभावतं, कधी नाही. त्यात पानं वर डोकावत होती. जे द्रवाच्या बाहेर राहतं, त्याला मद्यार्क वाचवत नाही.

तेव्हापासून ओली वस्तू घालायची असेल तर आधी वजन आणि मग हा हिशोब. एक भाग ओली वस्तू, दोन भाग व्होडका. दिवाळीनंतर ओलं आलं असंच घातलं: 150 ग्रॅम किसलेलं आलं, 300 मिली व्होडका. आल्यातलं पाणी साधारण 120 मिली, मद्यार्क 128, एकूण 420 मिली. 30 टक्क्यांच्या वर राहिलं आणि आजतागायत वास बदललेला नाही. 25 च्या खाली जाऊ द्यायचं नाही, 30 च्या वर असलं तर मी निर्धास्त. तुळस पुन्हा केली ती सावलीत वाळवून, हाताने चुरून, 40 ग्रॅमला 200 मिली. न चुरता घातली तर वाळकी पानं फुगून अर्धी बाहेर राहतात.

मद्यार्कमापक नळीही हौसेने मागवली. पैसे पाण्यात. वनस्पतीतले पदार्थ विरघळले की द्रव जड होतो आणि नळी खरं टक्के दाखवत नाही. पाटीवरची बेरीज-भागाकार जास्त खरी.

हळद मात्र जमली नाही. वसमतची चांगली हळकुंडं आणून कुटली, पण 42.8 मध्ये रंग फिका उतरला. हळदीतला पिवळा घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याला खूप जास्त मद्यार्क लागतो आणि आपल्या व्होडकेत अर्ध्याहून जास्त पाणीच. गुग्गुळासारख्या राळेच्या वस्तूंचं तर नावच नको. हळद भाजीतच बरी.

टिकण्याबद्दल मराठवाड्यात वेगळं सांगावं लागतं. नीट गाळलेलं, पुरेसं कडक टिंक्चर अंधारात आणि गारव्यात दोन-तीन वर्षं सहज राहतं, असं मानतात. पण चैत्रात आमच्या पत्र्याच्या खोलीत बाटलीला हात लावला तर ती कोमट लागते. मार्चअखेर पाहिलं तर ड्रॉपरचं रबर चिकट झालेलं आणि बाटलीवर मी चिकटवलेल्या पट्टीपेक्षा पातळी बोटभर खाली. मद्यार्क आधी उडतो, म्हणजे राहिलेलं आपोआप सौम्य होतं. आता तपकिरी काचेच्या बाटल्या, घट्ट फिरकीचं झाकण, ड्रॉपर वेगळा धुऊन ठेवलेला. बाटल्या जुन्या माळवदाच्या खोलीतल्या देवळीत आहेत. तिथे उन्हाळ्यातही हात लावला तर गार लागतं.

तळाशी पांढरा गाळ दिसला म्हणून फेकू नका. सुंठेचा, आल्याचा तो स्टार्च असतो, हलवला की सगळीकडे पसरतो आणि पुन्हा बसतो. बिघडलेलं वरून कळतं: पृष्ठभागावर साय, तरंगणारे पुंजके किंवा आंबूस वास. मग जीव अडकवायचा नाही.

मी जेवणानंतर पोट जड वाटलं तर कपभर कोमट पाण्यात सुंठेचे वीसेक थेंब घेते, तेवढंच. आसव-अरिष्टात मद्यार्क आपोआप तयार होतो आणि कमीच असतो, हे त्याहून कडक. लहान मुलांना, गरोदर बाईला, यकृताचा त्रास असलेल्याला किंवा दारू सोडलेल्याला मी देत नाही. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या चालू असतील तर मीही बंद ठेवते.

परवा सासूबाईंनी विचारलं, "ते सुंठेचं संपलं का गं?" बाटलीत अजून चार बोटं आहे.